टोटल 250, पण त्यातलं मोकळं किती?

माझा आतेभाऊ छत्तीस वर्षांचा. एका शनिवारी संध्याकाळी त्याने व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "दादा, संपलो का मी?" ऑफिसात आरोग्य तपासणीचं पॅकेज होतं, त्यात टेस्टोस्टेरॉन फुकट. आकडा 212, शेजारी लाल अक्षरात 'लो'. त्याच्या जिममधल्या कुणीतरी तोवर इंजेक्शनचा भावसुद्धा सांगून टाकला होता.

मी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या रिपोर्टवर सह्या करतो. उपचार ठरवणं माझं काम नाही, ते एंडोक्रायनॉलॉजिस्टचं. पण आकडा कुठून येतो आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मला सांगता येतं. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहितोय.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो रक्त कधी दिलं याचा. म्हणाला, साडेपाच वाजता, मीटिंग संपल्यावर, वडापाव खाऊन. तिथेच त्या 212 ची निम्मी किंमत गेली. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. तरुण पुरुषांत हा उतार पाव भागाचा सहज असतो. खाण्याने ते आणखी खाली येतं. नुसतं ग्लुकोजचं पाणी पाजून केलेल्या चाचणीतही काही वेळापुरतं सुमारे पंचवीस टक्क्यांनी घसरलेलं दिसलं आहे. म्हणून नियम असा, की रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या आठवड्यात ताप, डेंग्यू, मोठं आजारपण झालं असेल तर तपासणीच पुढे ढकलायची, कारण आजारात शरीर हे हार्मोन स्वतःहूनच खाली आणतं.

दहा दिवसांनी त्याने सकाळी आठला रक्त दिलं. टोटल 250 आलं. त्या लॅबची खालची मर्यादा 264 होती, म्हणजे अजूनही लालच. या वेळी उत्साहाने त्याने 'फ्री टेस्टोस्टेरॉन'ही करून घेतलं होतं. ते 7.2, मर्यादा साधारण 8 ते 25. तेही लाल. दोन्ही आकडे कमी, मग शंका कसली, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी की या दोन आकड्यांतला एक अपुरा होता आणि दुसरा जवळजवळ निरुपयोगी.

टेस्टोस्टेरॉन रक्तात एकटं फिरत नाही. ते तेलकट जातीचं रसायन आहे, पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून त्याला प्रथिनांचा आधार लागतो. आधार देणारी दोन प्रथिनं महत्त्वाची, आणि दोन्ही लिव्हरमध्येच बनतात. एक अल्ब्युमिन, जे लिव्हर फंक्शन टेस्टच्या रिपोर्टवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसरं सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन, रिपोर्टवरचं SHBG. याचं शब्दशः मराठीकरण करून काही सोपं होत नाही, म्हणून आपण एसएचबीजीच म्हणू.

एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. काही प्रवासी गाडीत रिझर्व्हेशनच्या सीटवर बसलेत, बॅग वर टाकलेली, ते उठणार नाहीत. काही स्टँडवरच्या बाकांवर टेकलेत, मनात आलं की उठतील. आणि थोडेसे इकडेतिकडे फिरतायत. गाडीतले म्हणजे एसएचबीजीला चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन, बाकावरचे म्हणजे अल्ब्युमिनला टेकलेलं, आणि फिरणारे म्हणजे फ्री. चहाच्या टपरीपर्यंत, म्हणजे स्नायू, हाडं, मेंदू, प्रोस्टेट यांच्या पेशींपर्यंत, पोचतात ते फिरणारे. बाकावरचेही पटकन उठून जाऊ शकतात, म्हणून फिरणारे आणि बाकावरचे मिळून जे होतं त्याला बायोअव्हेलेबल म्हणतात. टोटल म्हणजे स्टँडच्या आवारातली सगळी डोकी, कोण कुठे बसलंय हे न बघता मोजलेली.

निरोगी पुरुषात फिरणारे असतात अवघे दोन टक्के, थोडं इकडेतिकडे. उरलेल्यांतले निम्म्याच्या आसपास अल्ब्युमिनकडे आणि बाकीचे एसएचबीजीकडे. आता या दोन प्रथिनांमधला फरक बघा. अल्ब्युमिनची पकड ढिली, पण त्याचे बाक अफाट. टेस्टोस्टेरॉनच्या एका कणामागे अल्ब्युमिनचे हजारो कण रक्तात असतात, त्यामुळे बाक कधी भरतच नाहीत. एसएचबीजीची पकड मात्र त्याच्या हजारो पट घट्ट आणि गाड्या मोजक्या. म्हणून किती जण अडकून पडतील हे मुख्यतः गाड्या किती आहेत यावर ठरतं. अल्ब्युमिन थोडं कमीजास्त झालं तरी फार बिघडत नाही. एसएचबीजी माणसामाणसांत पाच-दहा पट बदलू शकतं, आणि तेव्हा टोटलचा अर्थच बदलतो.

आता गेटवरच्या माणसाकडे वळू. आत किती प्रवासी सोडायचे हे ठरवते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी. ती एलएच नावाचं हार्मोन सोडते, एलएच वृषणांना सांगतं की टेस्टोस्टेरॉन बनवा. पण पिट्युटरीला गाडीत बसलेले दिसत नाहीत, तिला दिसतात ते मुख्यतः मोकळे फिरणारे. त्यामुळे काही कारणाने गाड्याच कमी झाल्या, तर थोडे प्रवासी सोडूनही मोकळ्यांची संख्या पुरेशी राहते. गेटवरचा माणूस निवांत असतो. टोटल कमी दिसतं, पण कमतरता कुठेच नसते. उलट गाड्या वाढल्या की मोकळे भराभर आत जाऊन बसतात, गेटवाला आणखी लोक सोडतो, टोटल वाढतं. निरोगी माणसात हिशोब असा आपोआप सांभाळला जातो. वृषणं थकलेली असतील तर मात्र गेट उघडूनही माणसं येत नाहीत, आणि टोटल 'नॉर्मल' दिसत असताना मोकळे कमी पडतात.

आतेभावाच्या बाबतीत गाड्यांची मोजदादच झाली नव्हती. त्याच सकाळच्या रक्तावर मी एसएचबीजी आणि अल्ब्युमिन करायला सांगितलं. अल्ब्युमिन 4.3, अगदी सरळ. एसएचबीजी 12. पुरुषांत ते साधारण पंधरा-वीसपासून पंचावन्न-साठपर्यंत असतं (लॅबप्रमाणे थोडा फरक), म्हणजे याचं तळाशी.

इथून पुढे फ्री टेस्टोस्टेरॉन गणिताने काढता येतं. बेल्जियममधल्या व्हर्म्यूलेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यात फक्त तीन गोष्टी लागतात: टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन. इंटरनेटवर कॅल्क्युलेटर आहेत, पण आत काय चालतं हे एकदा बघितलं की त्याची भीती जाते.

आधी एकक बदलायचं. टोटल ng/dL मध्ये छापलेलं असतं, एसएचबीजी nmol/L मध्ये. टोटलला 0.0347 ने गुणलं की तेही nmol/L होतं. 250 चे झाले 8.68. मग हे समीकरण:

```
T = N×F + S×F ÷ (1 + F)
```

T म्हणजे टोटल, S म्हणजे एसएचबीजी, F म्हणजे आपल्याला हवं असलेलं फ्री, सगळे nmol/L मध्ये. N हा अल्ब्युमिनचा आकडा. अल्ब्युमिन 4.3 असताना तो 23.4 येतो. त्याचा अर्थ, प्रत्येक मोकळ्या कणामागे सुमारे 22.4 कण बाकावर टेकलेले. म्हणून समीकरणातला पहिला तुकडा, N×F, म्हणजेच बायोअव्हेलेबल. दुसरा तुकडा म्हणजे गाडीत बसलेले.

F शोधायला वर्गसमीकरण सोडवावं लागतं, पण उत्तर बरोबर आहे का ते साध्या कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. आतेभावाचं F येतं 0.264. घालून बघा: 23.4 गुणिले 0.264 म्हणजे 6.18. 12 गुणिले 0.264, भागिले 1.264, म्हणजे 2.51. बेरीज 8.69, दशांशाच्या घासाघाशीएवढाच फरक. आता 0.264 nmol/L ला रिपोर्टवरच्या एककात आणलं की होतात सुमारे 76 pg/mL. गणिताने काढलेल्या फ्रीची खालची मर्यादा साधारण 65 धरतात. म्हणजे तो मर्यादेच्या वर होता. बायोअव्हेलेबल 6.18 nmol/L, म्हणजे ng/dL मध्ये 178. त्याच्या 250 पैकी जवळपास एकाहत्तर टक्के वापरायला मोकळं, कारण अडकवायला गाड्याच नव्हत्या.

हेच 250 घेऊन शेजारी दुसरा माणूस उभा करा, एसएचबीजी 60 असलेला. त्याचं फ्री येतं 32 pg/mL, म्हणजे खरोखर कमी. टोटल दोघांचं अगदी सारखं, आणि एकाला औषधाची गरज नाही तर दुसऱ्याची नीट तपासणी व्हायला हवी.

मग त्याच्या रिपोर्टवरचं ते 'फ्री 7.2' काय होतं? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. फ्री टेस्टोस्टेरॉन खरं मोजायचं तर एक्विलिब्रियम डायलिसिस करावं लागतं. सीरम एका बारीक पडद्याच्या अलीकडे ठेवायचं, पलीकडे साधं द्रावण. प्रथिनं मोठी, ती पडद्यातून जात नाहीत; मोकळं टेस्टोस्टेरॉन तेवढं झिरपतं. ते अत्यल्प असतं, म्हणून मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. ही तपासणी महाग, वेळखाऊ आणि मोजक्या ठिकाणी होणारी. त्याऐवजी बहुतेक ठिकाणी तयार किट वापरतात. त्यात टेस्टोस्टेरॉनसारखा दिसणारा एक बनावट रेणू असतो, तो आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन अँटिबॉडीच्या जागेसाठी भांडतात, आणि त्यावरून आकडा काढतात. रिपोर्टवर पद्धतीच्या ओळीत 'डायरेक्ट', 'ॲनालॉग', 'एलायझा', 'सीएलआयए' असं काहीतरी असतं.

या किटची खोड अशी, की ते मोकळं मोजण्याऐवजी बऱ्याच अंशी टोटलचीच सावली दाखवतात. टोटल कमी असलं की हेही कमी. म्हणजे एसएचबीजी बदललेलं असताना, जिथे फ्री टेस्टोस्टेरॉनची सर्वांत जास्त गरज, नेमकं तिथेच ते साथ सोडतात. आतेभावाचं दुसरं लाल अक्षर हे पहिल्याच लाल अक्षराचं प्रतिबिंब होतं. त्याला वाटलं दोन साक्षीदार मिळाले, प्रत्यक्षात एकच माणूस दोनदा बोलत होता. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ही डायरेक्ट पद्धत वापरू नका, असंच म्हटलंय. डायलिसिस करा, नाहीतर टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिनवरून गणित करा.

दुसरा घोटाळा आकड्यांच्या तुलनेतला. डायरेक्ट किटचे आकडे डायलिसिसच्या किंवा गणिताच्या आकड्यांपेक्षा कितीतरी पटींनी छोटे येतात. म्हणून किटची मर्यादा 8 ते 25 अशी, आणि गणिताची 65 च्या पुढे. दोन्ही pg/mL मध्येच छापतात. किटवरचं 14, जे त्या किटपुरतं ठीक आहे, ते कुणी इंटरनेटवरच्या 65 शी ताडून बघितलं की झोप उडालीच म्हणून समजा. असा फोन मला महिन्यातून एखादा तरी येतो. कुठलाही फ्रीचा आकडा त्याच रिपोर्टवरच्या त्याच पद्धतीच्या मर्यादेशीच जोडायचा. एकक बदलणारी रिपोर्टं हा आणखी एक ताप. टोटल कुणी ng/mL मध्ये छापतं, तिथे 250 चं 2.5 होतं आणि माणूस घाबरून जातो. फ्री कधी ng/dL मध्ये असतं, तिथे 76 चं 7.6 होतं. हे 7.6 आणि किटवरचं 7.2 कागदावर जवळजवळ सारखेच दिसतात, अर्थ मात्र एक ठीक आणि एक कमी.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांनी तेही सांगावं. काही मशीनच्या पद्धतीत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच वाढलेलं दिसतं.

पुन्हा एसएचबीजीकडे. आतेभावाचं 12 का? त्याची उंची 170 सेंटिमीटर, वजन 98 किलो. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए1सी 6.3, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. एसएचबीजी बनतं लिव्हरमध्ये, आणि लिव्हरमध्ये चरबी साचली, इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली की एसएचबीजीचं उत्पादन मंदावतं. म्हणजे त्याच्या रिपोर्टवरचा खरा आजारी आकडा टेस्टोस्टेरॉनचा नव्हताच, एसएचबीजीचा होता, आणि तो बोट दाखवत होता लिव्हरकडे आणि साखरेकडे. एसएचबीजी कमी असलेल्या माणसांना पुढे टाइप 2 डायबेटिस होण्याचं प्रमाण जास्त, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे पोटाचा घेर, फॅटी लिव्हर आणि साखर हे त्रिकूट इतकं घरोघरी आहे, की असे 'खोटे कमी' रिपोर्ट मी जवळजवळ रोज पाहतो. त्यात मर्यादेचा मुद्दाही आहे. 264 ही अनेक ठिकाणी वापरली जाणारी खालची रेषा अमेरिका आणि युरोपातल्या 19 ते 39 वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांवरून काढलेली आहे. शंभर किलोच्या आसपासच्या माणसाला त्या रांगेत उभं केलं की तो मागे पडलेला दिसणारच.

एसएचबीजी खाली आणणारी बाकी कारणंही आहेत: थायरॉइड मंद असणं, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणं, लघवीतून प्रथिनं जाणारा नेफ्रोटिक सिंड्रोम. आणि एक कारण जे पेशंट सहसा सांगत नाही: जिममध्ये घेतलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स. तोंडाने घ्यायच्या काही गोळ्यांनी एसएचबीजी अगदी जमिनीला टेकतं. पिळदार दंडाचा तरुण, टोटल कमी, एसएचबीजी फारच कमी आणि एलएच जवळपास शून्य, असा रिपोर्ट आला की माझ्या मनात पहिली शंका तीच येते.

म्हणूनच एलएच बघायचं. आतेभावाचं एलएच 4.1, पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन एफएसएच 3.6, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडचं टीएसएच ठीक. वृषणं खरोखर थकली असती तर गेटवाला ओरडून ओरडून एलएच वाढवून बसला असता. तसं नव्हतं. पण एलएच मधलं असणं हा एकट्याने निर्दोषपणाचा दाखला नाही, कारण पिट्युटरीच बिघडली असली तरी एलएच 'नॉर्मल' किंवा कमी दिसू शकतं. इथे मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं आणि एलएच शांत, हे दोन्ही एकमेकांना जुळत होते, म्हणून विश्वास बसला.

लक्षणांचाही मेळ बसायला हवा. त्याची तक्रार थकव्याची, दुपारी डुलक्या येण्याची, चिडचिडीची. ही लक्षणं अर्ध्या आयटी पार्कला आहेत. टेस्टोस्टेरॉन खरं कमी असल्याची जास्त बोलकी लक्षणं म्हणजे कामेच्छा उतरणं आणि सकाळची ताठरता नाहीशी होणं. फार काळ कमी राहिलं तर दाढी-अंगावरचे केस विरळ होणं, साध्या पडण्याने हाड मोडणं. यातलं त्याला काही नव्हतं. बायको मात्र म्हणाली, "हे इतके घोरतात की मी हॉलमध्ये झोपते." एंडोक्रायनॉलॉजिस्टने हे ऐकून त्याला झोपेच्या तपासणीला पाठवलं, आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, निघाला. दुपारच्या डुलक्यांचं उत्तर तिथे होतं.

आता दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण, थोडक्यात. पासष्टीचे एक सडपातळ गृहस्थ धरा. टोटल 520, कुणीही म्हणेल उत्तम. एसएचबीजी 95. गणित केलं की फ्री येतं 50 pg/mL, मर्यादेखाली, आणि बायोअव्हेलेबल टोटलच्या अवघ्या बावीस टक्के. वय वाढतं तसं एसएचबीजी हळूहळू चढत जातं, त्यामुळे म्हातारपणी टोटल जितकं उतरतं त्याहून जास्त वेगाने फ्री उतरतं. याखेरीज थायरॉइड जास्त असणं, सिऱ्होसिस, एचआयव्ही, फिटच्या फिनायटॉइन-कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या यांनीही एसएचबीजी वाढतं. अशा माणसाला कामेच्छेची, अशक्तपणाची तक्रार असेल आणि केवळ टोटल बघून "सगळं छान आहे काका" म्हणून परत पाठवलं, तर चूक होते. आतेभावाच्या उलट चूक.

बायकांच्या रिपोर्टवरही हे नातं लागू होतं, पीसीओएसमध्ये तर फारच. तिथे टोटल मुळात इतकं कमी असतं, की साध्या मशीनचा आकडा डळमळीत येतो. म्हणून फ्री अँड्रोजन इंडेक्स काढतात: टोटल nmol/L मध्ये घेऊन एसएचबीजीने भागायचं आणि शंभरने गुणायचं. टोटल 45 ng/dL म्हणजे 1.56 nmol/L. एसएचबीजी 18 असेल तर इंडेक्स 8.7, एसएचबीजी 60 असेल तर 2.6. पाचच्या वर गेला की साधारणपणे जास्त समजतात. म्हणजे टोटल मर्यादेत असूनही हनुवटीवर केस, पुटकुळ्या का, याचं उत्तर बरेचदा एसएचबीजीत सापडतं. गर्भनिरोधक गोळ्या एसएचबीजी खूप वाढवतात, त्यामुळे त्या चालू असताना केलेल्या तपासणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पुरुषांसाठी मात्र हा इंडेक्स वापरू नये, तिथे तो नीट चालत नाही. तरी काही रिपोर्टांवर तो पुरुषांनाही छापून येतो, का ते मला आजवर कळलेलं नाही.

गणिताच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मी एका आकड्याऐवजी दुसऱ्या आकड्याची पूजा करायला लावतोय असं व्हायचं. व्हर्म्यूलेनच्या समीकरणात पकडीचे आकडे सगळ्यांसाठी सारखे धरलेत. काहींच्या एसएचबीजीची घडण जन्मतः थोडी वेगळी असते. डायलिसिसच्या तुलनेत हे गणित थोडं जास्त फ्री दाखवतं. आणि आत घातलेलं टोटल चुकलं, तर बाहेर येणारं फ्रीही तितकंच चुकतं. म्हणून आतेभावाच्या 76 ला मी 'पुरेसं' म्हणतो, 76.0 म्हणून मिरवत नाही. हेच गणित 60-65 च्या आसपास आलं असतं, तर मी त्याला दुसऱ्या दिवशीचं सकाळचं रक्त आणि डायलिसिस पद्धतीचं फ्री करून घे, असं सांगितलं असतं. लठ्ठपणा आणखी वाढला, बीएमआय पस्तीस-चाळीसच्या पुढे गेला, की मोकळं टेस्टोस्टेरॉनही खरोखर उतरायला लागतं, तेव्हा "जाड आहे म्हणून एसएचबीजी कमी, बाकी ठीक" हे ठोकळेबाज उत्तर चालत नाही.

जिमच्या इंजेक्शनबद्दल त्याला एकच गोष्ट सांगितली, आणि ती त्याला लागू पडली कारण दोघं मुलासाठी प्रयत्न करत होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की गेटवाल्याला मोकळ्यांची गर्दी दिसते, तो एलएच आणि एफएसएच बंद करतो. वृषणांच्या आत शुक्राणू बनायला रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच, एलएचच्या हुकमाने बनतं. हुकूम थांबला की शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. इंजेक्शन सोडल्यावर ते परत यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. रिपोर्टवर मात्र त्या काळात टोटल झकास दिसतं.

पुढचं वर्षभर त्याने घोरण्यासाठी रात्रीचं मशीन लावलं, आहारतज्ज्ञाकडे गेला, भात आणि रात्रीचं चहा-खारी कमी केलं, सकाळी टेकडी धरली. वजन 98 चं 84 झालं. सव्वा वर्षाने पुन्हा सकाळी आठला रक्त दिलं. टोटल 360. एसएचबीजी 24. लाल अक्षर गेलं होतं, आणि त्याने अभिमानाने फोटो पाठवला. मी गणित केलं: फ्री 86 pg/mL.

"टोटल 110 ने वाढलं आणि फ्री फक्त दहाने?" तो हिरमुसला. "एवढा घाम गाळून?"

म्हटलं, तुझे फिरणारे प्रवासी आधीही पुरेसेच होते, ते कशाला वाढतील. लिव्हर सुटसुटीत झालं, त्याने स्टँडवर गाड्या दुप्पट लावल्या, आणि वाढलेले लोक बहुतेक त्यांत जाऊन बसले. एचबीए1सी किती आलं ते सांग.

5.6 होतं. त्याचा फोटो त्याने काढलाच नव्हता.